मेलेल्या कल्चरची बाजू

“शेतकरी मेलेले कल्चर लावतो का? कंट्रोल म्हणून साधे बी हवे होते.”

अहवालाच्या मसुद्याच्या नवव्या पानावर, समासात, लाल शाईने एवढाच शेरा आहे. मसुदा एमएस्सीच्या विद्यार्थिनीचा, शेरा तिच्या मार्गदर्शक मॅडमचा. हे प्रकरण मी दाखल्यासाठी रचले आहे, त्यातले प्रयोगाचे आकडेही समजावण्यापुरतेच आहेत. पण सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना या धाटणीचे शेरे मी लिहिलेले आहेत आणि त्यांना आलेली उत्तरेही वाचलेली आहेत. बहुतेक उत्तरे दोनच प्रकारची असतात. एक म्हणजे ‘सूचनेप्रमाणे बदल केला आहे’. असे उत्तर आले की बहुधा ‘मृत कल्चर’ हे शब्द खोडून तिथे नुसते ‘नियंत्रण गट’ लिहिलेले असते. कुंडीत जे पेरले ते तसेच राहते, फक्त ते वाचकाला दिसेनासे होते. दुसरा प्रकार रुसव्याचा असतो: आधीच्या प्रबंधात असेच केले होते, मग माझेच कसे चुकले? या दोन्ही उत्तरांत प्रयोगाबद्दल एक शब्दही नसतो. मॅडमनी तर प्रयोगाबद्दलच विचारले होते.

आधी प्रयोग समजून घेऊ. सोयाबीनच्या मुळांवर गाठी येतात. त्या गाठींत ब्रेडीरायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला वापरता येईल अशा रूपात आणून देतात. म्हणून पेरणीआधी बियाण्याला या जिवाणूंचे कल्चर चोळतात. बाजारात ते काळ्या भुकटीच्या पुडीत मिळते. ही काळी भुकटी लिग्नाइटची असते आणि जिवाणू तिच्यात वस्ती करून असतात. गुळाच्या कोमट केलेल्या आणि मग थंड झालेल्या पाण्यात ती कालवायची, बियाण्यावर हलक्या हाताने चोळायची, बी सावलीत वाळवायचे आणि त्याच दिवशी पेरायचे. सोयाबीन करणाऱ्या कुठल्याही घरात ही कृती ठाऊक असते.

विद्यार्थिनीला पाहायचे होते की तिच्याकडचे कल्चर खरोखर काम करते का. तिने एकाच शेतातली माती सोळा कुंड्यांत भरली. आठ कुंड्यांत कल्चर लावलेले बी पेरले. उरलेल्या आठांत त्याच पुडीतले, पण ऑटोक्लेव्हमध्ये वाफेच्या दाबाखाली मारलेले कल्चर लावलेले बी पेरले. प्रत्येक कुंडीत तीन रोपे ठेवली. पंचेचाळीस दिवसांनी मुळे धुऊन गाठी मोजल्या. जिवंत कल्चरच्या रोपांवर सरासरी ३१ गाठी निघाल्या, मृत कल्चरच्या रोपांवर १२.

आता मॅडमचा शेरा. तो वरवरचा नाही. शेतकऱ्यापुढे जिवंत की मृत असा पर्याय कधीच नसतो. पुडी विकत घ्यायची की नाही, एवढाच त्याचा प्रश्न असतो. त्या प्रश्नाला कंट्रोल हवा तो साध्या, काहीही न लावलेल्या बियाण्याचा. म्हणजे मॅडम जो प्रश्न मनात धरून वाचत होत्या, त्याला हा कंट्रोल उत्तर देत नाही. विद्यार्थिनीने प्रयोग मांडला होता तो वेगळ्या प्रश्नासाठी. दोघींचे प्रश्न निराळे आहेत हे मसुद्यात कुठेच लिहिलेले नव्हते. तिच्या उत्तराचा पहिला परिच्छेद तिथूनच सुरू होतो:

“आदरणीय मॅडम, कंट्रोलविषयीचा आपला शेरा वाचला. मला तपासायचे होते ते हे: गाठी वाढतात त्या जिवाणू जिवंत असल्यामुळे, की बियाण्याला पुडीतले आणखी काही लागल्यामुळे? हा प्रश्न मसुद्यात मी स्पष्ट लिहिला नाही, त्यामुळे माझा कंट्रोल विचित्र वाटणे साहजिक आहे. प्रस्तावनेच्या शेवटी तो आता घातला आहे.”

त्यानंतर बचाव येतो, आणि त्याचा आधार पुडी हाच आहे. कल्चर चोळलेल्या बियाण्याला फक्त जिवाणू लागत नाहीत. लिग्नाइट लागते, त्यात ह्युमिक आम्ले असतात. गूळ लागतो, म्हणजे साखर, आणि ती बियाण्याभोवतीच्या मातीतल्या इतर सूक्ष्मजीवांचे खाद्य असते. बी ओले होते आणि पुन्हा वाळते. साध्या बियाण्याशी तुलना केली आणि फरक दिसला, तर तो यांपैकी कशामुळे पडला हे सांगता येत नाही. मृत कल्चरमध्ये लिग्नाइट तेच, गूळ तोच, चोळणे आणि वाळवणेही तेच. फक्त जिवाणू मेलेले. दोन गटांत एकच गोष्ट वेगळी उरते.

दुसरा मुद्दा मला अधिक आवडतो, कारण तो पुस्तकातून नाही, हात काळे झाल्यावर सुचतो. कल्चर लावलेले बी काळे दिसते आणि साधे सोयाबीन पिवळसर. पेरणाऱ्याला कुठल्या कुंडीत काय चालले आहे हे दिसतच असते, आणि ज्या कुंडीकडून आशा असते तिला नकळत थोडे जास्त पाणी, थोडी बरी जागा मिळते. जिवंत आणि मृत कल्चर लावलेले बी मात्र शेजारी ठेवले तरी ओळखू येत नाही. विद्यार्थिनीने पुड्यांवर नुसती अक्षरे घातली होती आणि गाठी मोजणाऱ्या मैत्रिणीला अक्षरांचा अर्थ माहीत नव्हता. साध्या बियाण्याचा कंट्रोल असता तर पेरणीच्या वेळी हे झाकणे अशक्य होते.

तिने जुना दाखलाही दिला आहे आणि तो चपखल आहे. शेंगवर्गीय झाडे हवेतला नत्र घेतात हे जर्मनीत हर्मान हेलरीगेल आणि हर्मान विल्फार्थ यांनी दाखवले. १८८६ मध्ये बर्लिनच्या सभेत त्यांनी ते मांडले आणि १८८८ मध्ये सविस्तर प्रसिद्ध केले. निर्जंतुक केलेल्या, नत्र नसलेल्या वाळूत त्यांनी वाटाणा लावला आणि शेतातली माती पाण्यात ढवळून वरचे पाणी थोडेसे घातले. मुळांना गाठी आल्या, रोपे हिरवीगार वाढली. तेच पाणी आधी उकळून घातले तर गाठी आल्या नाहीत आणि रोपे खुरटली. मातीतले क्षार उकळल्याने कुठे जात नाहीत, तेव्हा उकळण्याने नाहीसे झाले ते जिवंत काहीतरी होते. ते जिवाणू गाठींतून वेगळे काढण्याचे काम नेदरलँड्सच्या मार्टिनस बायेरिंक यांनी १८८८ मध्येच केले. विद्यार्थिनीचा मृत कल्चरचा कंट्रोल म्हणजे त्याच उकळलेल्या पाण्याचा नातू.

अशा दाखल्याचा मोह आवरणे मात्र जमले पाहिजे. ‘हेलरीगेलनेही असेच केले’ एवढ्यावर तिचा कंट्रोल सिद्ध होत नाही, कारण हेलरीगेलची वाळू निर्जंतुक होती आणि हिच्या कुंडीत शेतातली माती आहे. मॅडमचा दुसरा शेरा नेमका तिथेच बोट ठेवतो:

“कंट्रोलच्या रोपांवर १२ गाठी कशा? कल्चर नीट मेले होते का?”

संबंध मसुद्यातली सगळ्यात कठीण जागा हीच. मृत कल्चरमध्ये थोडे जिवाणू वाचले असतील तर तो कंट्रोलच नव्हे, ती कमी मात्रा झाली. आणि कल्चर अर्धवट मरणे अवघड नाही. ऑटोक्लेव्हचा काटा १२१ अंश दाखवतो तो वाफेचा. २५० ग्रॅम भुकटीची घट्ट पुडी आत ठेवली तर तिच्या गाभ्यापर्यंत उष्णता पोहोचायला बराच वेळ लागतो. पाण्यासारख्या माध्यमाला पुरणारी पंधरा-वीस मिनिटे इथे पुरत नाहीत. भुकटी पातळ थरात पसरून तासभर ठेवावी लागते, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तासभर ठेवणे अधिक सुरक्षित.

मेले की नाही हे कळण्याचा नेहमीचा मार्ग म्हणजे मृत भुकटी पाण्यात ढवळून यीस्टचा अर्क आणि मॅनिटॉल असलेल्या आगरच्या प्लेटवर पसरणे. यात एक चकवा आहे आणि त्यात पुष्कळ विद्यार्थी फसतात. बरेचसे नेहमीचे जिवाणू प्लेटवर एक-दोन दिवसांत दिसतात. सोयाबीनचे ब्रेडीरायझोबियम संथ असते, त्याच्या वसाहती नीट दिसायला पाच ते सात दिवस, कधी त्याहून जास्त लागतात. दोन दिवसांनी प्लेट कोरी दिसली म्हणून ‘कल्चर मृत’ असे लिहून ती फेकून दिली, तर काहीच सिद्ध झालेले नसते. विद्यार्थिनीने प्लेट दहा दिवस ठेवली होती. शेजारी जिवंत कल्चरची प्लेटही ठेवली होती, आणि तिच्यावर सहाव्या दिवशी वसाहती दिसल्या. ही दुसरी प्लेट नसती तर माध्यमच बिघडले होते की काय, हा संशय राहिला असता.

याहून भक्कम पुरावाही तिच्याजवळ होता. मृत कल्चर लावलेले बी तिने चार ग्लासांत निर्जंतुक वाळूत लावून पाहिले होते, आणि त्या मुळांवर महिनाभराने एकही गाठ नव्हती. जिवंत कल्चरच्या ग्लासांत गाठी होत्या. म्हणजे कल्चर मेलेलेच होते आणि कुंडीतल्या १२ गाठी आल्या त्या मातीतूनच. ज्या शेतात वर्षानुवर्षे सोयाबीन घेतले जाते, त्या मातीत हे जिवाणू आधीच मुक्कामाला असतात. गाठींची जागाही तेच सुचवत होती: जिवंत कल्चरच्या रोपांत गाठी सोटमुळाच्या वरच्या भागात, बी होते तिथे गर्दी करून होत्या, तर कंट्रोलच्या रोपांत त्या बाजूच्या मुळांवर विखुरलेल्या. जागेवरून खात्रीने काही सांगता येत नाही, पण वाळूच्या ग्लासांशी ते जुळते.

दुःखाची गोष्ट ही की यातले एक अक्षरही मसुद्यात नव्हते. प्लेट आणि ग्लास दोन्ही वहीत होते. ‘हे तर करायचेच असते, त्यात लिहायचे काय’ असे वाटून बरेच विद्यार्थी नेमकी हीच पाने गाळतात. म्हणून या शेऱ्याला तिने दिलेले उत्तर मला आदर्श वाटते:

“कल्चर मृत असल्याची तपासणी मी केली होती, पण मसुद्यात ती नोंदवली नाही. ही माझी चूक आहे. दोन्ही प्लेटांच्या नोंदी आणि वाळूतल्या ग्लासांचे निकाल ‘साहित्य आणि पद्धती’ या भागात घातले आहेत. कंट्रोलमधल्या गाठी मातीतल्या मूळच्या जिवाणूंमुळे आहेत असे मी मानते, आणि ती कारणे चर्चेत दिली आहेत.”

‘आपण वहीतले पान पाहिले नाही’ असे ती म्हणत नाही. मार्गदर्शकापुढे मसुदा असतो, वही नसते. आणि ‘मी मानते’ हे क्रियापद तिने विचार करून वापरले आहे. पाणी घालताना एका कुंडीतले शिंतोडे दुसरीत उडतात आणि त्यांतून जिवाणू जाऊ शकतात. तशी थोडी देवाणघेवाण झालीच नसेल असे ती छातीठोकपणे सांगू शकत नाही.

मॅडमनी आणखी एक शंका काढली होती: मेलेले जिवाणू म्हणजे खतच, त्याचा फायदा कंट्रोलला मिळाला नसेल का? याला तिने हिशेबाने उत्तर दिले आहे. एका ग्रॅम भुकटीत दहा कोटी जिवाणू धरले तर २५० ग्रॅमच्या पुडीत अडीच हजार कोटी होतात. एका जिवाणूचे वजन ग्रॅमच्या एक लाख कोटीव्या भागाएवढे धरा. सगळ्यांचे मिळून भरतात पंचवीस मिलिग्रॅम, आणि ही पुडी काही किलो बियाण्याला पुरते. एका बियाण्याच्या वाट्याला येणारे हे ‘खत’ हिशेबात धरण्याजोगे नाही. शंका इथे मिटली. पण तिच्या पोटातली दुसरी शंका मिटत नाही, आणि ती विद्यार्थिनीने स्वतःहून मांडली आहे. तासतासभर वाफेखाली ठेवल्यावर लिग्नाइट पूर्वीचे राहते का? त्यातले काही पदार्थ मोकळे होतात. जिवाणू मुळांना जे रासायनिक निरोप धाडतात, त्यांतले काही उष्णतेतही बऱ्यापैकी टिकतात. म्हणजे ‘फक्त जिवाणू मेलेले, बाकी सगळे तेच’ हे तिचे पहिले विधान थोडे सैल होते. सुधारित मसुद्यात ते ‘शक्य तितके तेच’ असे झाले.

आता सुधारणा. मॅडमना साधे बी हवे आहे आणि त्यांचे म्हणणे रास्त आहे. मग आठ नव्या कुंड्या साध्या बियाण्याच्या लावल्या की काम झाले? नाही. पहिला प्रयोग जुलैत पेरला होता. शेरे आले तेव्हा ऑक्टोबर उजाडला होता. सोयाबीन दिवसाच्या लांबीला जपणारे पीक आहे, दिवस लहान होत गेले की ते लवकर फुलावर येते आणि रोप लहान राहते. ऑक्टोबरातले साधे बी जुलैतल्या कल्चरच्या बियाण्याशेजारी मांडले तर गाठींतला फरक कल्चरचा की ऋतूचा, हे देवच जाणे. कंट्रोल त्याच दिवशी, त्याच मातीत, त्याच मांडवात पेरलेला हवा. मागाहून जोडलेला कंट्रोल नसल्यापेक्षा वाईट, कारण तो असल्याचा भास होतो. म्हणून तिने लिहिले:

“साध्या बियाण्याचा गट आवश्यक आहे हे मान्य. परंतु तो एकटा आता लावून जुन्या निकालांशी जोडणे योग्य होणार नाही असे मला वाटते. आपली संमती असल्यास सर्व गट पुन्हा एकत्र पेरते: साधे बी, मृत कल्चर, जिवंत कल्चर, आणि चौथा गट साध्या बियाण्याला युरियाचा.”

चौथा गट मॅडमनी मागितला नव्हता. तो तिला का सुचला? मातीत मुळात नत्र भरपूर असेल तर झाडाला जिवाणूंची गरजच पडत नाही, आणि गाठी वाढल्या तरी झाड वाढत नाही. युरिया घातलेली रोपे साध्या रोपांपेक्षा स्पष्टपणे जोमदार झाली, तर मातीत नत्राची उणीव होती हे कळते. झाली नाहीत, तर या मातीत कल्चरचा रोपाच्या वाढीवरचा परिणाम तपासण्यात अर्थ नाही. युरियाच्या रोपांवर गाठी कमी दिसतील, कारण आयता नत्र मिळाला की झाड गाठी करत नाही. त्या गटात गाठींपेक्षा रोपाचे वाळवलेले वजन बघायचे.

पेरणीचा क्रमही तिने लिहून दिला आहे: आधी साधे बी, मग युरियाच्या कुंड्या, मग मृत कल्चर, सर्वांत शेवटी जिवंत. उलट क्रमाने गेले तर हाताला लागलेले जिवंत कल्चर साध्या बियाण्याला लागते आणि कंट्रोल पेरतानाच बिघडतो.

एक शेरा तिने वाद न घालता स्वीकारला. तक्त्याखाली तिने ‘२४ रोपे’ असे लिहिले होते आणि गणितही २४ धरूनच केले होते. एका कुंडीतली तीन रोपे एकच माती आणि एकच पाणी वाटून घेतात, ती तीन स्वतंत्र साक्षीदार नाहीत. साक्षीदार कुंडी आहे आणि कुंड्या आठच. प्रत्येक कुंडीची सरासरी काढून आठ-आठ आकड्यांनी गणित पुन्हा केले, तेव्हा फरक टिकला पण खात्रीचा पट्टा रुंद झाला. नवा तक्ता तिने जोडला आहे. जिथे चूक साधी आणि स्पष्ट असते तिथे उत्तरही दोन ओळींचे असावे.

शेवटचा शेरा निष्कर्षाच्या वाक्यावर होता. मूळ वाक्य असे: “या कल्चरच्या वापराने शेतकऱ्यांच्या सोयाबीन उत्पादनात लक्षणीय वाढ होईल.” मॅडमनी त्याखाली रेघ मारून फक्त प्रश्नचिन्ह काढले होते. उत्पादन तिने मोजलेच नव्हते. पंचेचाळिसाव्या दिवशी मुळे उपटल्यावर शेंगा कुठून येणार? शेतही नव्हते, कुंड्या होत्या. आणि शेतकऱ्याच्या प्रश्नाला लागणारा साध्या बियाण्याचा गटही नव्हता. कंट्रोलच्या बाजूने तिने जो बचाव केला, त्याचीच ही दुसरी बाजू आहे: आपला कंट्रोल जिवंत-मृत एवढ्याच प्रश्नासाठी होता असे म्हटले, की निष्कर्षही त्या प्रश्नाबाहेर जाऊ शकत नाही. मृत कल्चरचा आग्रह आणि उत्पादनवाढीचा दावा दोन्ही हातात ठेवता येत नाहीत. तिने दावा सोडला.

उत्तराला मॅडमनी दोन ओळींत संमती दिली: जुना प्रयोग मृत कल्चरच्या कंट्रोलसह जसाच्या तसा अहवालात राहील, आणि चार गटांचा प्रयोग पुढच्या खरिपात, पहिल्या पेरणीच्याच सुमारास होईल. सुधारित अहवालात निष्कर्षाचे वाक्य आता असे आहे:

“सोयाबीनचे पीक आधी घेतलेल्या एका शेताच्या मातीत, कुंडीत वाढवलेल्या रोपांवर, जिवंत कल्चर लावल्याने त्याच कल्चरच्या मृत पुडीपेक्षा पंचेचाळिसाव्या दिवशी अधिक गाठी आल्या. कल्चर न लावलेल्या बियाण्याशी तुलना केलेली नाही. उत्पादन मोजलेले नाही.”